साठीनंतर चालायला सुरुवात केलीत? पायांबरोबर ताटाकडेही बघा

मुंबईतली नोकरी संपल्यावर मी देवगडजवळच्या माझ्या गावी कायमचा राहायला आलो. चौसष्टाव्या वर्षी, जानेवारीत, मनावर घेतलं आणि रोज सकाळी पुळणीवरून पाच किलोमीटर चालायला लागलो. सोबत रात्रीचं जेवण हलकं केलं, म्हणजे उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं. ऑगस्टपर्यंत वजन ६३ किलोवरून ५८ वर आलं. वाटेत भेटणारे म्हणायचे, "बारीक झालास, बरा झाला." मलाही बरंच वाटत होतं.

गणपतीत पंगतीला पाटावर बसलो आणि जेवण झाल्यावर उठताना उजवा हात भिंतीला टेकवावा लागला. आदल्या वर्षी लागला नव्हता. नंतर लक्षात आलं की पॅन्ट कमरेत सैल झाली होती तशी मांड्यांतही लोंबत होती. तालुक्याच्या गावी एका फिजिओथेरपिस्टबाईंनी मला खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस करायला लावलं आणि सांगितलं, "काका, पाच किलो गेले त्यात चरबी होती, पण स्नायूही गेलेत."

साठीनंतर स्नायू दर वर्षी थोडे थोडे झिजतच असतात आणि ताकद त्याहून वेगाने जाते. अशा वयात खाणं कमी केलं आणि फक्त चाललो, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. चालणं हृदयाला, साखरेला, झोपेला उत्तम आहे, ते सोडू नका. पण सपाटीवर चालताना मांडीच्या स्नायूवर एवढा भार येत नाही की त्याने वाढावं. त्याला दोन गोष्टी लागतात: जड काम आणि ते काम झाल्यावर बांधकामाला पुरेसं प्रोटीन. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. पुढचा वर्षभराचा अनुभव इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी हे जमवा

- गेल्या तीन-चार महिन्यांतला रक्ताचा रिपोर्ट: मूत्रपिंड किती नीट काम करतंय ते दाखवणारे क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, शिवाय साखर, युरिक अ‍ॅसिड
- चालू असलेल्या गोळ्यांची यादी
- शिंप्याची टेप आणि वजनकाटा
- हात नसलेली, न डुगडुगणारी खुर्ची. बसायची उंची साधारण गुडघ्याइतकी. प्लास्टिकची खुर्ची घसरते, ती नको.
- सेकंद मोजायला मोबाईल
- स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा. पहिले पंधरा दिवस तरी हवाच, नंतर डोळ्यांना अंदाज येतो.
- एक वही

१. पहिल्यांदा मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून घ्या

ही पायरी गाळू नका. मूत्रपिंड चांगलं असेल तर या लेखात सांगितलेल्या प्रमाणात प्रोटीन वाढवायला हरकत नसते. पण ईजीएफआर ३० च्या खाली असेल आणि डायलिसिस चालू नसेल, तर प्रोटीन वाढवायचं नाही, उलट डॉक्टर ते मर्यादित ठेवायला सांगतात. ३० ते ६० च्या मध्ये असेल तर आकडा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावा. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल तर मूत्रपिंडावर परिणाम झालेला असूनही बाहेरून काही कळत नाही, म्हणून कागद बघूनच पुढे जा.

युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल, अंगठा सुजायचा त्रास असेल, तर तारली, बांगडा, कोळंबी, तिसऱ्या जपून खा. प्रोटीन अंडी, दूध-दही आणि डाळी-कडधान्यांतून घ्या. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते.

२. खुर्ची आणि टेप: आज कुठे आहात ते मोजा

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून बसा आणि हात न लावता पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसा. होईल तेवढं भरभर, पण धडपडू नका आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी उभं करा. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये जे निकष ठरवले, त्यांत यासाठी १२ सेकंद किंवा जास्त लागणं ही धोक्याची खूण मानली आहे. मला १५ लागले होते.

दुसरं माप पोटरीचं. खुर्चीवर बसून पाय जमिनीवर सपाट ठेवा आणि पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे टेप लावा. टेप कातडीला टेकावी, रुतू नये. पुरुषांना ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि बायकांना ३३ पेक्षा कमी असेल तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यावी. माझी भरली साडेबत्तीस. पायांवर सूज येत असेल तर हे माप फसवं निघतं, मग खुर्चीवरच भरवसा ठेवा.

दोन्ही आकडे तारीख घालून वहीत लिहा. वजनाच्या काट्याला चरबी गेली की स्नायू गेला हे कळत नाही. मी सात महिने फक्त काट्याकडे बघत राहिलो, ही माझी मोठी चूक झाली. आणखी एक: काहीही न करता सहा महिन्यांत वजन विसातला एक भाग उतरलं असेल, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर व्यायामाच्या आधी डॉक्टर गाठा. त्यामागे थायरॉईड, क्षय किंवा आणखी काही असू शकतं.

३. तुमचा आकडा काढा

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. वृद्धांच्या आहारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मात्र २०१३ मध्ये पासष्टीपुढच्या निरोगी माणसांसाठी १ ते १.२ ग्रॅम सुचवलं, आणि व्यायाम करणाऱ्यांनी १.२ किंवा थोडं जास्तच घ्यावं असं म्हटलं. मी १.२ धरला. ५८ गुणिले १.२ म्हणजे साधारण ७० ग्रॅम.

एवढ्यावर थांबू नका, कारण हे ७० ग्रॅम दिवसात कसे वाटले जातात यालाही महत्त्व आहे. तरुणपणी थोड्या प्रोटीननेही स्नायूची बांधणी सुरू होते. आपल्या वयात स्नायू जरा बहिरा होतो, त्याला मोठ्याने हाक मारावी लागते. एका वेळी २५ ग्रॅमच्या आसपास पोटात गेलं तर तो नीट ऐकतो. चार-पाच ग्रॅम दिवसभर थोडं थोडं खात राहिलं तर ते त्याच्यापर्यंत पोचल्यासारखं होत नाही. म्हणून तीन जेवणांत वीस-पंचवीस, वीस-पंचवीस असे भाग करायचे.

४. कालच्या ताटाचा खरा हिशेब करा

"आम्ही कोकणातले, रोज मासे खातो, आम्हाला काय कमी?" असं मीही म्हटलं होतं. मग बायको आणि मी काटा घेऊन बसलो.

मध्यम बांगडा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असतो. डोकं, पोट आणि काटा गेला की खायचं मांस उरतं पन्नास-साठ ग्रॅम, त्यात प्रोटीन दहा-बारा ग्रॅम. आमच्याकडे एका बांगड्याचे दोन तुकडे होतात आणि माझ्या पानात एक तुकडा यायचा. म्हणजे सहा ग्रॅमही जेमतेम. बाकी मी तिकल्याचा रस भातावर ओतून पोटभर जेवत होतो. प्रोटीन रसात नसतं, तुकड्यात असतं.

कुळथाच्या पिठीचीही तीच गोष्ट. कुळीथ उत्तम, शंभर ग्रॅममागे सुमारे बावीस ग्रॅम प्रोटीन. पण दोन माणसांच्या पिठीत पीठ पडतं दोन-अडीच चमचे, म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम. बाकी पाणी, कोकम आणि फोडणी. माणशी दोन-तीन ग्रॅम हाती लागतात. सोलकढीत तर जवळजवळ काहीच नाही.

माझा एक दिवस असा निघाला. सकाळी चहा आणि दोन घावणे, सहा ग्रॅम. दुपारी दोनदा घेतलेला भात, माशाचा एक तुकडा, वाटीभर पिठी, मिळून चौदा. संध्याकाळी चहा-बिस्कीट, दोन. रात्री पेज-लोणचं आणि थोडी भाजी, पाच. एकूण २७ ग्रॅम. हवे होते ७०.

बायकोच्या पानाचा हिशेब त्याहून वाईट होता. मधले तुकडे मला आणि नातवंडांना, शेपटीकडचा तिला, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं आणि मी त्याकडे कधी बघितलंच नव्हतं. तुमच्या घरातही बायका शेवटी जेवत असतील तर त्यांचं पान आधी मोजा. हाडं ठिसूळ होण्याचा धोका त्यांना जास्त आणि पडल्यावर कंबरेचं हाड मोडलं तर पुढचं सगळं कठीण.

५. ताट बदला: सकाळ आणि रात्र आधी

दुपारचं जेवण बहुतेकांचं बऱ्यापैकी असतं. खड्डा असतो तो सकाळी आणि रात्री. आम्ही असं बसवलं:

सकाळी, चालून आल्यावर, दोन उकडलेली अंडी, दोन घावणे आणि पेलाभर दूध. सुमारे २३ ग्रॅम.

दुपारी दोन मध्यम बांगडे किंवा तेवढ्याच मांसाचा दुसरा मासा, एकदाच घेतलेला भात, भाजी. सुमारे २५.

संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे. सहा.

रात्री भिजवून मोड आणलेल्या कुळथाची उसळ (कोरडे कुळीथ ४५ ग्रॅम), नाचणीच्या दोन भाकऱ्या, मोठी वाटीभर दही. सुमारे २०.

बेरीज ७४. दुपारचा भात कमी झाला, पण एकूण खाणं वाढलं, आणि तसंच हवं होतं. पोटाला पुरेसं मिळालं नाही तर शरीर प्रोटीनसुद्धा सरपणासारखं जाळून टाकतं. पेज मी सोडलेली नाही. सकाळी दहाला हवी तर पितो, पण ती आता जेवण नाही.

हे एका दिवसात करू नका. सत्तावीसवरून एकदम सत्तरवर गेलात तर पोट फुगेल, बद्धकोष्ठ होईल आणि चौथ्या दिवशी सगळं सोडून द्याल. पहिल्या आठवड्यात फक्त सकाळ बदला. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची उसळ अर्ध्या वाटीने सुरू करा. रात्री उसळ सोसत नसेल तर ती दुपारी घ्या आणि मासा रात्री. दात नसतील तर अंडं, दही, घट्ट मुगाचं वरण, बिनकाट्याचा मऊ मासा यांवर भर द्या.

दुकानात वृद्धांसाठी म्हणून प्रोटीन पावडरचे जे डबे मिळतात त्यांच्या मागचा तक्ता वाचा. आम्ही आणलेल्या एका डब्यात एका वेळच्या मात्रेत प्रोटीनपेक्षा साखर जास्त निघाली. ज्यांना खरंच खाणं जात नाही त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडर उपयोगी पडते. ज्याचं पोट नीट आहे त्याचं काम अंड्या-डाळीने भागतं.

६. सोमवार, श्रावण आणि मासेबंदी

कोकणात खरी अडचण इथे येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पाठोपाठ श्रावण, मग गणपती. शिवाय दर आठवड्याचे सोमवार, गुरुवार आणि संकष्टी. मिळून वर्षाचे कित्येक महिने पानात मासा नसतो आणि त्याच्या जागी येतं काय, तर बटाट्याची भाजी आणि साबुदाणा. साबुदाण्यात प्रोटीन नावापुरतंच. उपवासाला खायचं तर शेंगदाण्याची आमटी, दही, दूध, पनीर हे घ्या.

बिनमासळीच्या दिवशी आमचं पान असं: सकाळी पन्नास ग्रॅम मूग भिजवून वाटलेले घावणे आणि दूध, अठरा ग्रॅम. दुपारी चवळी किंवा वालाची दाट उसळ, घट्ट वरण, भात, दही, चोवीस. रात्री ७५ ग्रॅम पनीर आणि दोन भाकऱ्या, अठरा. संध्याकाळचे शेंगदाणे धरून ६६. पनीर मिळत नसेल तर सोयाबीनच्या वड्या घ्या. कोरड्या २५ ग्रॅम वड्यांत तेरा ग्रॅम प्रोटीन असतं आणि त्या फडताळात महिनोन् महिने टिकतात. डाळ-कडधान्यासोबत भात-भाकरी असू द्या, एकातली उणीव दुसरं भरून काढतं.

आगोटीला भरलेला सुका जवळा, सोडे, बोंबील यांत प्रोटीन भरपूर, पण खारवलेल्या मासळीत मीठही तितकंच. रक्तदाब असेल तर गरम पाण्यात भिजवून दोन पाणी बदला, आणि त्या दिवशी लोणचं-पापड बंद.

७. आठवड्यातून तीन दिवस जड काम

सोमवार, बुधवार, शनिवार असे एकाआड दिवस ठरवा. मधल्या दिवशी चालणं चालू ठेवा. जिमला जाण्याची गरज नाही, मी सगळं पडवीत केलं.

मुख्य व्यायाम खुर्चीवरून उठणं. पावलं खांद्याइतकी लांब, टाचा गुडघ्याच्या थोड्या मागे. नाक पावलांच्या वर येईल इतकं पुढे झुका, टाचांवर जोर देऊन उठा आणि तीन आकडे मोजत हळू बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला, कारण खाली येतानाही स्नायू तेवढाच कामाला लागतो. उठताना श्वास सोडा. श्वास कोंडून धरला की रक्तदाब उसळतो. आठ वेळा करून दोन मिनिटं थांबा, पुन्हा आठ.

त्यातल्या शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज बारा व्हायला लागल्या तर काम हलकं पडतंय. मग दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरा, पुढे तीन किलो, मग थोडी बुटकी खुर्ची. सुरुवातीला हात न लावता उठताच येत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा.

याच्या जोडीला पडवीचा खांब धरून टाचा उचलणं, भिंतीला हात टेकवून दंड काढल्यासारखं मागे-पुढे होणं, आणि खळ्याच्या पायरीवर एकेका पायाने चढणं-उतरणं. प्रत्येकी आठ-दहा, दोनदा. सगळं मिळून अर्धा तास. पावसात पायरी शेवाळलेली असते, तेव्हा ती नको.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, दोन दिवसांत थांबेल, ते ठीक. पण सांध्यात सुरी मारल्यासारखं दुखलं, गुडघा सुजला तर तो प्रकार थांबवा. छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर व्यायाम तिथेच थांबवून ताबडतोब दवाखाना गाठा.

८. बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा

चार-सहा आठवड्यांत उठणं सोपं वाटू लागतं. तेव्हा स्नायू फारसा वाढलेला नसतो, नसांनी असलेला स्नायू नीट वापरायला घेतलेला असतो. पोटरीची टेप हलायला दोन-तीन महिने लागतात. बारा आठवड्यांनी माझं वजन साडेएकोणसाठ, पोटरी तेहेतीस आणि खुर्चीला अकरा सेकंद लागले. पोटरी अजून चौतीसच्या खालीच आहे. बायको सतरावरून तेरा सेकंदांवर आली आहे. तिचं काम अजून चालू आहे.

बारा आठवड्यांत खुर्चीचे सेकंद अजिबात कमी झाले नाहीत, तर आधी ताटाची वही बघा. बहुतेक वेळा सकाळचं अंडं सुटलेलं असतं किंवा पिशवीचं वजन पहिल्या दिवसाइतकंच राहिलेलं असतं. दोन्ही ठीक असेल तर डॉक्टरांकडे जाऊन व्हिटॅमिन डी आणि थायरॉईड तपासून घ्या.

पावसाळ्यात ताप आला तर विशेष जपा. आपल्या वयात दहा दिवस अंथरुणाला खिळलं तर निरोगी माणसाच्याही पायांतला किलोभर स्नायू जाऊ शकतो, आणि त्याच दिवसांत आपण पेजेवर असतो. मला गेल्या वर्षी ताप आला तेव्हा बायकोने पेजेत मऊ शिजवलेली मुगाची डाळ घोटून घातली, दिवसातून दोनदा दही दिलं आणि डॉक्टरांच्या परवानगीने तिसऱ्या दिवसापासून एक उकडलेलं अंडं. ताप उतरल्यावर पहिले दोन दिवस फक्त खाटेच्या कडेवरून पाच वेळा उठ-बस, दिवसातून तीनदा. मग आठवडाभर पिशवीशिवाय खुर्ची. तांदळाची पिशवी पुन्हा छातीशी धरली ती तिसऱ्या आठवड्यात, आणि तीसुद्धा दोन किलोपासून.